तो लाडू खायचा नसतो

वाचकाचे पत्र : "माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीकडचे दिगंबर जैन. मोठ्या जाऊबाई नांदेडच्या शीख कुटुंबातल्या. यंदा प्रथमच सगळे दिवाळीला पुण्यात आमच्या घरी जमणार आहेत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सर्वांनी मिळून एकच पूजा करावी, एकच आरती म्हणावी, असे मी सुचवले. दिवाळी एकच, कथा तेवढ्या वेगळ्या, असे मला नेहमी वाटत आले आहे. सासरे एवढेच म्हणाले, 'आमच्याकडे तो निर्वाणाचा दिवस असतो.' जाऊबाई म्हणाल्या, 'मी पणत्या लावीन, पण पूजेला बसणार नाही.' गेल्या वर्षी माझ्या सहा वर्षांच्या मुलाने देवळातला लाडू मागितला तेव्हा सासूबाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला होता, तेही मनात राहिले आहे. त्यात भर म्हणजे 'आपण दिवाळी का साजरी करतो' यावर पाच ओळी लिहून आणायला शाळेने मुलाला सांगितले आहे. मी सर्वांना जोडायला पाहते आणि तेच दूर जातात. माझे कुठे चुकते?"

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून टाकली आहे, ती म्हणजे तो लाडू. मी तिथूनच सुरुवात करते, कारण सासऱ्यांचे वाक्य आणि जाऊबाईंचा नकार यांचा उलगडा बऱ्याच अंशी त्या लाडवात आहे.

दिगंबर परंपरेनुसार भगवान महावीरांचे निर्वाण चतुर्दशीची रात्र सरून अमावास्येची पहाट होत असताना पावा नगरीत, म्हणजे आजच्या बिहारमधील पावापुरीत झाले. त्या पहाटे जैन मंदिरांत निर्वाणकांडाचा पाठ होतो आणि मूर्तीसमोर लाडू चढवला जातो. त्याला निर्वाणलाडू म्हणतात. लग्नानंतर काही वर्षे मी कोल्हापुरात एका जैन कुटुंबाच्या वाड्यात भाड्याने राहत होते. घरमालकीणबाई पहाटे चारला उठून, ओलेत्या केसांनी, ताटात एक मोठा लाडू आणि थोडे अक्षत घेऊन मंदिरात जात. पहिल्या वर्षी मी आठ वाजता त्यांच्या दारात उभी राहिले आणि हसत म्हटले, "प्रसाद कुठे आहे?" त्या अवघडल्या, रागावल्या मात्र नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितले की देवापुढे ठेवलेले द्रव्य ते लोक परत घेत नाहीत. ते निर्माल्य असते आणि ते स्वतः खाणे दोषाचे मानले जाते. तीर्थंकर काही स्वीकारत नाहीत आणि काही देतही नाहीत. माणूस तिथे जे ठेवतो, ते त्याने सोडलेले असते. लाडू देवाला आवडतो म्हणून तो चढवला जात नाही, तर आपल्याला आवडतो म्हणून तो सोडला जातो.

आता तुमच्या मुलाने हात पुढे केला तेव्हा सासूबाईंच्या मनात काय झाले असेल, याची कल्पना करा. तुमच्या माहेरी पूजा संपली की पहिला प्रश्न प्रसादाचा असतो आणि तो योग्यच आहे, कारण तिथे नैवेद्य दाखवायचा तो वाटण्यासाठीच. लक्ष्मीपूजनानंतर लाह्या-बत्तासे, धणे-गूळ शेजारीपाजारी गेले नाहीत तर पूजा अपुरी वाटते. जाऊबाईंच्या गुरुद्वाऱ्यात याच्याही पुढची पायरी आहे. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला कडाहप्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा असतो, तो कुणालाही नाकारला जात नाही आणि घेणाऱ्यानेही तो नाकारणे बरे दिसत नाही. तीन ठिकाणी तीन गोड पदार्थ आहेत : एक वाटायचा, एक न नाकारता घ्यायचा आणि एक मुळीच न खायचा. "कथा वेगळ्या, सण एकच" या तुमच्या समजुतीची अडचण इथे आहे. वेगळेपण कथेपुरते असते तर ते ऐकून सोडून देता आले असते. पण इथे ते हाताच्या कृतीत उतरले आहे आणि एका माणसाची भक्ती दुसऱ्याच्या लेखी चूक ठरू शकते.

सासऱ्यांच्या वाक्यातला "निर्वाणाचा दिवस" म्हणजे शोकाचा दिवस नव्हे, हेही सांगायला हवे, कारण अनेकांचा तसा समज होतो. श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात असे वर्णन आहे की महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री काशी आणि कोसल देशांच्या अठरा गणराजांनी दिवे लावले, कारण ज्ञानाचा प्रकाश गेला होता आणि आता निदान पदार्थाचा प्रकाश करावा असे त्यांना वाटले. दिगंबर आचार्य जिनसेनांनी शके 705 मध्ये, म्हणजे इ. स. 783 मध्ये, पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात तर 'दीपालिका' हा शब्दच येतो आणि तेव्हापासून लोक दरवर्षी हा उत्सव करू लागले, असे त्यात म्हटले आहे. शिवाय त्याच दिवशी महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती गौतम यांना केवलज्ञान झाले, अशी श्रद्धा आहे. गुरूच्या असण्याचा आधार सुटला आणि शिष्याचा शेवटचा मोहही गळून पडला. त्यामुळे सासऱ्यांच्या दिव्याला दोन पदर आहेत : एक प्रकाश गेला आणि दुसरा लागला. त्या दिव्यासमोर "घरात भरभराट येवो" अशी आरती म्हणा, असे तुम्ही त्यांना सांगत होता.

अर्थात सासरच्या घरी लक्ष्मीपूजन होतच नसेल असे समजू नका. जैन व्यापारी घरांत वहीपूजन पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, आणि दक्षिण महाराष्ट्रातील मराठी जैन घरांत उटणे, फराळ, आकाशकंदील, भाऊबीज हे सगळे असते. अनेक घरांत लक्ष्मी म्हणजे मोक्षलक्ष्मी किंवा ज्ञानलक्ष्मी आणि गणेश म्हणजे गणांचा ईश, अर्थात गौतम गणधर, असा अर्थ लावून त्याच चौरंगावर पूजा होते. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. 2025च्या दिवाळीनंतर ते 2552 झाले. त्यामुळे सासरे तुमच्या शेजारी बसून हळदकुंकू वाहतील आणि मनात वेगळेच काही म्हणत असतील, हेही शक्य आहे. त्यांची भूमिका पुस्तकातून ठरवू नका, त्यांनाच विचारा. मात्र प्रश्न "तुम्ही आमच्या पूजेला बसाल का?" असा नसावा. "तुमच्या घरी लहानपणी त्या पहाटे काय व्हायचे?" असे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते, तर दुसऱ्याला म्हाताऱ्या माणसाकडे तासभराचे उत्तर असते.

जाऊबाईंचे म्हणणे त्यांच्या एका वाक्यात पुरेसे स्पष्ट आहे आणि मला ते फार सौम्यही वाटले. शीख आचारात मूर्तिपूजेला स्थान नाही. पण दिवे लावायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही, उलट दिवाळीशी शीख इतिहासाचे नाते जुने आहे. परंपरेनुसार सहावे गुरू हरगोबिंदजी यांना जहांगीराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. सुटकेचा हुकूम आला तेव्हा तिथे अडकलेल्या बावन्न राजांना सोडल्याशिवाय आपण बाहेर पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यावर, जितके राजे गुरूंचा अंगरखा धरून बाहेर येतील तितकेच सुटतील, अशी अट घातली गेली. गुरूंनी बावन्न सोगे असलेला चोगा शिवून घेतला आणि एकेक सोगा धरून बावन्न राजे बाहेर पडले. गुरू अमृतसरला पोचले तेव्हा दिवे लागले, म्हणून तो बंदी छोड दिवस.

मला मात्र त्याआधीची आणि नंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळापासून वैशाखी आणि दिवाळी हे संगतीने, म्हणजे भक्तसमुदायाने, गुरूंपाशी एकत्र येण्याचे दिवस होते, म्हणजे सुटकेच्या आधीपासून दिवाळी हा शिखांच्या मेळाव्याचा दिवस होता. पुढे अठराव्या शतकात भाई मणीसिंग यांनी अमृतसरला दिवाळीचा मेळा भरवण्यासाठी लाहोरच्या सुभेदाराची परवानगी मिळवली आणि त्याबद्दल रक्कम भरण्याचे कबूल केले. लोक जमताच सैन्य त्यांच्यावर येणार, अशी कुणकुण लागल्याने मेळा भरला नाही आणि रक्कमही जमली नाही. मणीसिंगांना लाहोरला नेऊन त्यांचे सांध्यासांध्याला तुकडे करून मारण्यात आले. ज्या घरात ही आठवण सांगितली जाते, तिथे दिवाळीचा दिवा समृद्धीचा असण्याआधी एकत्र येण्याच्या हक्काचा असतो. "दाल-रोटी घर दी, दिवाली अमृतसर दी" असे पंजाबीत म्हणतात, त्यात आतषबाजीचे कौतुक आहेच, पण दिवाळीला घर सोडून संगतीत जायचे हेही त्यात आहे. जाऊबाई पणत्या लावायला तयार आहेत, म्हणजे त्यांच्या दिवाळीतला मुख्य भाग त्या तुमच्या उंबऱ्यावर करणार आहेत. त्याला नकार म्हणू नका.

त्या नांदेडच्या आहेत ही गोष्टही विसरू नका. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये दिवे ओवाळून आरती होते, अमृतसरला तशी पद्धत नाही. दिवाळीच्या सुमारास तिथे गोदावरीच्या पाण्याने तख्तस्नान होते. म्हणून "शीख लोक आरती करत नाहीत" असे कुठेतरी ऐकून तुम्ही त्यांना आधीच बाहेर ठेवलेत तर तेही चुकीचे ठरेल. लक्ष्मीच्या मूर्तीसमोर बसणे त्यांना नको आहे, ओवाळणेच नको आहे असे त्यांनी कुठे म्हटले?

आता तुमच्या स्वतःच्या दिवाळीबद्दल थोडे. मुलाच्या शाळेला बहुधा "राम अयोध्येला परतले म्हणून" हे उत्तर अपेक्षित आहे. पण साताऱ्याच्या तुमच्या घरात नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडताना कुणाचे नाव घेतले जायचे? नरकासुराचे. पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणताना? बळीचे. आपल्याकडच्या दिवाळीत वसुबारसेला गाय आहे, अमावास्येला लक्ष्मी आणि केरसुणी आहे, पाडव्याला पाताळात गेलेला राजा आहे, भाऊबीजेला यम आणि यमुना आहेत. रामाची कथा उत्तरेकडे ठळक आहे आणि ती आपण शाळेच्या पुस्तकांतून व दूरचित्रवाणीवरून आपलीशी केली, याला माझी हरकत नाही. पण तुमच्याच परंपरेत चार दिवसांना चार अर्थ आहेत, आणि तुम्ही मात्र सासऱ्यांकडून व जाऊबाईंकडून एका अर्थाची अपेक्षा करता.

म्हणून माझे मत सांगते. पूजा एक करू नका. जेवण एक करा, दिवे एकत्र लावा आणि पूजा ज्याच्या त्याच्या वेळेला होऊ द्या. यातले अवघड काम वेळ जुळवण्याचे आहे, आणि तिथेच बहुतेक घरांत गाडे अडते.

सूर्य मावळल्यावर प्रदोषकाळात अमावास्या असेल त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन होते. निर्वाणलाडू मात्र अमावास्येच्या पहाटेचा. अमावास्या दुपारी लागली तर पूजन त्या संध्याकाळी आणि लाडू दुसऱ्या पहाटे; ती आदल्या रात्रीपासून असेल आणि संध्याकाळपर्यंत टिकली तर लाडू पहाटे आणि पूजन त्याच सायंकाळी. त्यामुळे दोन्हींचा क्रम दरवर्षी सारखा राहत नाही. श्वेतांबर घरांत तर निर्वाण अमावास्येची रात्र संपताना मानले जाते, म्हणून त्यांचा लाडू प्रतिपदेच्या पहाटेवर जातो. दिनदर्शिकेवर विसंबू नका. जवळच्या दिगंबर जैन मंदिराच्या फलकावर वेळ लिहिलेली असते, ती आठवडाभर आधी पाहून घ्या. सासूसासऱ्यांना पहाटे मंदिरात पोचवण्याचे काम तुमच्या पतीवर न टाकता तुम्ही स्वतः करा आणि मुलालाही बरोबर न्या. मात्र जाण्याआधी रात्रीच त्याला सांगून ठेवा की उद्याचा लाडू आपण ठेवून यायचा आहे, खायचा आहे तो घरी आल्यावर, फराळाच्या डब्यातला. सहा वर्षांच्या मुलाला हे छान समजते. आवडती वस्तू ठेवून परत येणे त्याला खेळासारखे वाटेल.

संध्याकाळचा पेच जेवणाचा आहे. पुण्यात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सासूसासरे सूर्यास्तानंतर जेवत नसतील तर पूजनानंतरचे तुमचे साग्रसंगीत जेवण त्यांच्यासाठी नाहीच. ते आपल्या खोलीत बसून राहतील आणि तुम्हाला वाटेल, रुसले. पंगत सव्वापाचला बसवा. कांदा, लसूण, बटाटा काही न घालता सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करा, वेगळे ताट मांडू नका. चिवड्यात तळलेला कांदा घालण्याची सवय असेल तर यंदा खोबरे आणि डाळे वाढवा. नंतर सूर्यास्ताला सर्वांनी मिळून पणत्या लावाव्यात. पहिली पणती सासऱ्यांनी गौतम गणधरांच्या नावाने, दुसरी जाऊबाईंनी, तिसरी तुम्ही लावा. त्यानंतर तुम्ही आणि ज्यांना बसायचे असेल ते चौरंगापाशी बसा. जाऊबाई तेव्हा गुरुद्वाऱ्यात जाऊ इच्छितात का, हे आधी विचारा आणि त्यांना न्यायची गाडी ठरवून ठेवा. परत येताना त्यांनी कडाहप्रसाद आणला तर तो ओंजळीत घ्या, चमचा मागू नका. सासरे रात्री खात नसतील तर त्यांच्या वाटणीचा झाकून ठेवा आणि सकाळी द्या.

फटाक्यांचा विषय पत्रात नाही, पण तो निघणार आहे. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने निर्वाणाच्या रात्री किडामुंगीला भाजणे हे केवळ प्रदूषण नसते. मुलाला फुलबाज्या हव्याच असतील तर त्या नरकचतुर्दशीच्या दिवशी आणि इमारतीच्या खाली उडवू द्या, अमावास्येला नको.

मुलाच्या पाच ओळी त्यालाच विचारत लिहून काढा. उत्तर देताना त्याला तुम्हा प्रत्येकाकडे जाऊ द्या. मला सुचलेल्या ओळी अशा : आई म्हणते, नरकासुर हरला आणि बळीराजा वर्षातून एकदा भेटायला येतो. आजोबा म्हणतात, महावीर मुक्त झाले आणि आता आपण आपला दिवा लावायचा. काकू म्हणते, गुरू एकटे सुटले नाहीत, बावन्न जणांना घेऊन आले. आम्ही एक लाडू देवळात ठेवतो. बाकीचे आम्ही खातो. वर्गात बाईंनी "राम कुठे आहेत?" असे विचारले तर सहावी ओळ लिहायला कुणी अडवलेले नाही.

भाऊबीज तुम्ही सर्वांत सोपी समजत असाल. श्वेतांबर जैन परंपरेत त्या दिवसाची वेगळी कथा आहे : महावीरांच्या निर्वाणाने खचलेल्या त्यांच्या भावाला, नंदिवर्धनाला, बहीण सुदर्शनेने आपल्या घरी बोलावून जेवू घातले. तुमच्या सासरी ती सांगत असतील किंवा नसतीलही. पण जाऊबाईंच्या नांदेडला कार्तिक शुद्ध द्वितीया हा गुरतागद्दीचा दिवस आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी तिथेच गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिले, आणि 2008च्या त्रिशताब्दीचा मुख्य सोहळाही भाऊबीजेलाच झाला होता. तेव्हा ओवाळणीचे ताट तयार करून त्यांच्या भावाची वाट पाहत बसण्याआधी त्यांना विचारून घ्या. तो त्या दिवशी नांदेडमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे, आणि कदाचित जाऊबाईंनाही आदल्या रात्रीची गाडी पकडायची असेल.